बॉस दर आठवड्याला प्रायोरिटी बदलतो, तेव्हा आधी काय थांबवायचं ते ठरवून घ्या

प्रश्न: मी ५ जणांची टीम सांभाळतो. बॉस माणूस चांगला आहे पण दर सोमवारी-मंगळवारी नवीनच काहीतरी "सगळ्यात अर्जंट" होतं, मागच्या आठवड्याचं अर्धवट राहतं आणि महिनाअखेरीला तेच विचारतात की ते का नाही झालं. नाही म्हणता येत नाही, हो म्हटलं तर टीम वैतागते. अशा बॉसला कसं हँडल करायचं?

उत्तर:

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य पकडूनच सुरुवात करते, "महिनाअखेरीला तेच विचारतात की ते का नाही झालं". म्हणजे बॉसच्या डोक्यात प्रायोरिटी बदललेलीच नाही, वाढलीये. जुनं काम त्यांनी कधी रद्द केलंच नव्हतं, फक्त वर एक नवीन ठेवलं, आणि जुनं थांबणार हे तुम्ही गृहीत धरलं, ते दोन्ही होणार असं त्यांनी गृहीत धरलं, आणि यावर तुमच्या दोघांचं बोलणंच झालं नाही. मी प्रोजेक्ट आणि ऑपरेशन्स अशा दोन्ही बाजूंना बरीच वर्षं काम केलंय आणि "बॉस सारखं बदलतो" या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच सापडतं. सुरू करायचा निर्णय बॉस घेतो आणि थांबवायचा निर्णय कोणीच घेत नाही. तो त्यांच्याकडून काढून घेणं हे तुमचं काम. बाकी सगळं त्याच्या भोवतीचं.

पण त्याआधी एक गोष्ट करा जी जवळजवळ कोणी करत नाही. साधारण महिना-दीड महिना नोंद ठेवा. कुठेही, वहीत चालेल, एक्सेलमध्ये चालेल, पण स्वतःपुरती, टीमला किंवा ग्रुपवर दाखवायला नाही. प्रत्येक बदलासाठी चारच गोष्टी लिहायच्या: कधी सांगितलं, काय सांगितलं, कुठून आलं (म्हणजे सांगायच्या आधी बॉस कुठल्या मीटिंगमधून किंवा कुणाच्या फोनवरून आले होते), आणि दोन आठवड्यांनी त्याचं काय झालं. ही शेवटची चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि तीच लिहायची राहते, म्हणून तिच्यासाठी कॅलेंडरला रिमाइंडर लावा.

माझ्याकडे शिकायला आलेल्या एका टीम लीडने ही नोंद ठेवली होती, तिचंच उदाहरण पुढे घेते कारण ते तुमच्यासारखंच आहे, ५ जणांची टीम, बॉस दर आठवड्याला नवीन काहीतरी आणणारा. सहा आठवड्यांत ११ बदल निघाले. तिला वाटत होतं बॉस लहरी आहे. नोंदीत दिसलं की ११ पैकी ७ बदल मंगळवारी आले होते, आणि सोमवारी दुपारी बॉसची त्यांच्या वरिष्ठांबरोबर आढावा मीटिंग असायची. २ एका मोठ्या ग्राहकाच्या फोननंतर आले. बॉसच्या स्वतःच्या डोक्यातून आलेले फक्त २. आणि सगळ्यात भारी म्हणजे ११ पैकी ४ गोष्टी अशा होत्या की दोन आठवड्यांनंतर त्याबद्दल कोणी परत एक शब्दही विचारला नव्हता.

आता यातून चित्र काय तयार होतं बघा. सोमवारच्या मीटिंगमध्ये बॉसला वरचा कोणीतरी विचारतो, अमुकचं काय झालं, तमुक कधी मिळेल. बॉसकडे नेमकं उत्तर नसतं. मग वेळ मारून न्यायला तोंडातून निघतं "हो, या आठवड्यात करून टाकतो". मीटिंग संपते, तो शब्द मंगळवारी तुमच्या टेबलावर येऊन पडतो. बॉसला तुमची कामं विस्कटायची हौस नाही, त्यांना त्या खोलीत तोंडावर पडायचं नसतं एवढंच. हे कळलं की तुमचं काम मंगळवारी भांडायचं राहत नाही, सोमवारच्या आधी त्यांच्या हातात काहीतरी द्यायचं होतं. ते काय द्यायचं ते सांगतेच, आधी कामाचा हिशोब मांडू कारण त्याच्याशिवाय पुढचं सगळं हवेत राहील.

या लीडकडे ५ माणसं. आठवड्याचे कागदावर २५ मनुष्यदिवस. त्यातले साधारण ७ रोजच्या कामात जातात, तक्रारी, दुरुस्त्या, कोणाला तरी काहीतरी काढून देणं. ३ मीटिंग आणि रजांमध्ये. उरले १५. यातले १५ च्या १५ ठरवून टाकले की पहिल्याच अचानक कामाला सगळं कोसळतं, म्हणून ३ मोकळे ठेवले. म्हणजे ठरवून करता येईल असं काम आठवड्याला १२ दिवसांचं. हा आकडा बहुतेक टीम लीडना माहीतच नसतो, ते २५ धरून बोलतात आणि मग स्वतःच खोटे पडतात. तुमचा आकडा काढा, अंदाजे चालेल.

समोर कामं चार होती. बिलिंग सिस्टीमचा बदल, १२ दिवस शिल्लक. मोठ्या ग्राहकाला नवीन सिस्टीमवर आणणं, तेही १२. तक्रारींचा साप्ताहिक रिपोर्ट, १०. ऑडिटला लागणारा डेटा, ६. एकूण ४०. आठवड्याला १२ या वेगाने ४० दिवसांचं काम सव्वातीन-साडेतीन आठवड्यांत संपणार, यात काही जादू नाही. पण ते कसं संपतं यात फार मोठा फरक आहे. चारही कामं एकदम चालू ठेवली, प्रत्येकाला आठवड्याला ३ दिवस, तर पहिलं काम म्हणजे ऑडिटचं दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी संपतं, रिपोर्ट तिसऱ्याच्या शेवटी, आणि उरलेली दोन त्यानंतर. तेच एकामागून एक केली तर ऑडिट पहिल्या आठवड्याच्या मध्यालाच संपतं, बिलिंग दुसऱ्याच्या मध्याला, ग्राहकाचं तिसऱ्याच्या मध्याला, रिपोर्ट शेवटी. शेवटची तारीख दोन्हीकडे सारखीच, पण दुसऱ्या पद्धतीत तीन कामं आधी हातात पडली आणि एकही उशिरा गेलं असेल तर तो फक्त रिपोर्ट, तोही दोनेक दिवसांनी. (सगळी माणसं सगळी कामं करू शकत नाहीत हे मला माहितीये, प्रत्यक्षात हिशोब एवढा गुळगुळीत नसतो, पण दिशा हीच राहते.) रांगांच्या गणितात याला लिटलचा नियम म्हणतात, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला: सरासरी लागणारा वेळ म्हणजे हातात चालू असलेली कामं भागिले संपण्याचा वेग. वेग तोच ठेवून चालू कामं दुप्पट केली की प्रत्येक कामाला लागणारा सरासरी वेळ दुप्पट. टीम कितीही हुशार असो.

आणि आता बॉसच्या बाजूने बघा. चारही चालू ठेवली तर पहिल्या सोमवारी त्यांच्याकडे वर सांगायला काय आहे? काहीच संपलेलं नाही. चार गोष्टी "चालू आहे". एक ना धड भाराभर चिंध्या. मग ते अस्वस्थ होतात, वरून दबाव येतो, आणि ज्याबद्दल सगळ्यात जोरात विचारलं गेलं ते तुम्हाला "अर्जंट" म्हणून येतं. त्यामुळे अजून कमी संपतं, त्यामुळे अजून अस्वस्थ. म्हणजे ते बदलतात म्हणून काही संपत नाही हे जितकं खरं तितकंच काही संपत नाही म्हणून ते बदलतात हेही खरं. हे चक्र तुमच्या बाजूनेच तोडता येतं, दर आठवड्याला एक तरी गोष्ट पूर्ण संपवून.

तर मग प्रत्यक्षात करायचं काय.

एक पान तयार करायचं. एकच, दोन झाली की कोणी वाचत नाही. वरून खाली क्रमाने कामं, प्रत्येक ओळीत कामाचं नाव, किती दिवसांचं उरलंय, कोण वाट बघतंय, कधी मिळणार. पुढच्या दोन आठवड्यांत जेवढं मावतं (वरच्या हिशोबाने २४ दिवस) तिथे एक आडवी रेघ. रेघेच्या वरचं होणार, खालचं या दोन आठवड्यांत होणार नाही. पहिल्या नंबरावर एकच काम, "१अ" आणि "१ब" असलं काही नाही. एवढंच. रंग नाही, टक्केवारी नाही. टक्केवारीचा मला विशेष राग आहे, ८०% झालंय म्हणजे काय हे आजवर मला कोणी समजावू शकलेलं नाही.

"कोण वाट बघतंय" हा रकाना मुद्दाम आहे. आपण टीमवाले बॉसला सांगतो की सारखं बदललं तर आमचा वेळ वाया जातो, परत संदर्भ लागायला वेळ लागतो, लक्ष विचलित होतं. हे सगळं खरंच आहे, अर्धवट सोडलेलं काम डोक्यात मागे रेंगाळत राहतं आणि पुढच्या कामावर परिणाम करतं यावर सोफी लरॉय यांचं २००९ चं संशोधनही आहे. पण बॉसला हे सांगून उपयोग शून्य, कारण त्यांना ऐकू येतं ते "आम्हाला त्रास होतोय", आणि त्रास तर सगळ्यांनाच होतो. त्यांना ऐकू येतं ते नाव आणि तारीख. "बिलिंगचं थांबलं तर फायनान्सला १४ तारीख सांगितली होती ती २१ होईल, त्यांना कळवायचं तुम्ही की मी?" हे वाक्य मात्र लगेच पोचतं, कारण आता किंमत तुमच्या टीमची नाही, त्यांनी दिलेल्या शब्दाची आहे.

मंगळवारी नवीन काम आलं की पहिला प्रश्न मात्र पानाबद्दल नाहीच विचारायचा. पहिला प्रश्न असा: "सर, यावर फक्त उत्तर हवंय की काम सुरू करायचंय?" कारण बॉसच्या "जरा बघा ना हे" यात तीन वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. कधी त्यांना फक्त माहिती हवी असते, कधी कशाची तरी काळजी वाटत असते, आणि कधी खरंच काम हवं असतं. आपण तिन्ही वेळा दोन माणसं कामाला लावून मोकळे होतो. त्या लीडच्या नोंदीतल्या ज्या ४ गोष्टी नंतर कोणी विचारल्या नाहीत, त्यातल्या तीन अशाच होत्या, अर्ध्या तासात फोन करून उत्तर देता आलं असतं, तिने आठवडा घालवला होता.

खरंच काम असेल तर मग पान काढायचं. तिचं बॉसशी झालेलं बोलणं साधारण असं होतं, ती बिलिंगच्या मध्यावर होती आणि बॉस म्हणाले तक्रारींचा रिपोर्ट या शुक्रवारपर्यंत पाहिजे.

"करू सर. आत्ता वर बिलिंग आहे, ७ दिवस उरलेत, आणि त्याखाली ग्राहकाचं काम. रिपोर्ट १० दिवसांचा आहे. तो वर घेतला तर बिलिंग थांबवायचं की ग्राहकाचं?"

"दोन्ही करा ना, थोडं ॲडजस्ट करा."

"दोन्ही होतील सर, फक्त आधी कुठलं संपवू? बिलिंग आधी संपवलं तर या आठवड्याअखेर ते हातात येतं आणि रिपोर्ट पुढच्या शुक्रवारी. रिपोर्ट आधी घेतला तरी १० दिवसांचं काम या शुक्रवारी पूर्ण होणार नाही, आणि फायनान्सची तारीखही जाईल."

"शुक्रवारी काहीतरी दाखवायला हवं मला."

"कोणाला दाखवायचंय?"

आणि इथे खरी गोष्ट बाहेर आली. वरिष्ठांना सोमवारी फक्त एवढंच बघायचं होतं की सगळ्यात जास्त तक्रारी कुठल्या तीन प्रकारच्या आहेत. त्यासाठी पूर्ण रिपोर्ट लागत नव्हता, एका माणसाचे दोन दिवस पुरे होते, आणि ते त्या मोकळ्या ठेवलेल्या ३ दिवसांत बसले. बिलिंग हललं नाही.

लक्षात घ्या तिने कुठेही नाही म्हटलं नाही. "होणार नाही" आणि "आधी कुठलं" यात बॉसच्या कानाला जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात तुम्ही त्यांचा निर्णय नाकारताय, दुसऱ्यात निर्णय त्यांच्याकडेच ठेवताय, फक्त तो पूर्ण करून मागताय. आणि "कोणाला दाखवायचंय" हा प्रश्न पाठ करून ठेवा, याने कामाचा आकार जितका कमी होतो तितका कशानेच होत नाही.

काही बॉस तरीही म्हणतात, ते मला माहीत नाही, दोन्ही पाहिजे. ठीक आहे. तिथे ताणायचं नाही, पण टीमला दोन्हीवर अर्धं-अर्धंही लावायचं नाही. तुम्ही क्रम ठरवा आणि सांगून टाका: "मग मी आधी बिलिंग संपवतो आणि रिपोर्ट सोमवारी सुरू करतो असं धरून चालतो, वेगळं हवं असेल तर सांगा." बऱ्याच बॉसना निवडायला आवडत नाही, कारण निवडलं की जबाबदारी येते, पण कोणी निवडून समोर ठेवलं की त्यांची हरकत नसते. हरकत असली तर लगेच कळते, आणि तेही चांगलंच, कारण मग त्यांनीच निवडलं.

ज्या दिवशी ठरलं त्याच दिवशी दोन-तीन ओळींचा मेसेज. उदाहरणार्थ:

"सर, आज ठरलं त्याप्रमाणे: तक्रारींचे पहिले तीन प्रकार शुक्रवारी दुपारपर्यंत. बिलिंग चालूच, १४ तारीख तीच. पूर्ण रिपोर्ट बिलिंगनंतर, अंदाजे २१. काही वेगळं असेल तर सांगा, नाहीतर उद्या सकाळपासून असं सुरू करतो."

यात थांबलेलं किंवा मागे गेलेलं काम आणि त्याची नवीन तारीख असायलाच हवी, लोक नेमकं तेवढंच गाळतात कारण ते लिहायला अवघड वाटतं. आणि कृपा करून हा मेसेज अजून चार जणांना कॉपी करू नका. कॉपी केला की तो पुरावा होतो, आणि बॉसला पुरावा गोळा करणारा माणूस लगेच ओळखू येतो, त्यानंतर ते तुमच्याशी तोंडीच बोलतील आणि तेही कमी. त्याच कारणासाठी ते पान बॉसच्या वरिष्ठांसमोर किंवा भरल्या मीटिंगमध्ये उघडायचं नाही. दोघंच असताना.

मेसेज की फोन हे मात्र बॉस बघून ठरवा. मॅनेजमेंटवर लिहिणारे पीटर ड्रकर यांनी फार पूर्वी सांगून ठेवलंय की काही बॉस वाचणारे असतात आणि काही ऐकणारे. ऐकणाऱ्याला तुम्ही कितीही सुंदर पान पाठवा, ते उघडलं जाणार नाही, त्याला आधी पाच मिनिटं बोलून सांगायचं आणि मग आठवणीपुरता मेसेज. वाचणाऱ्याला आधी पान, मग बोलणं. तुमचा कोणता आहे ते दोन आठवड्यांत कळेल, मेसेजवर फोन करून "काय म्हणत होतास?" विचारणारा म्हणजे ऐकणारा.

आता ते सोमवारच्या आधी हातात द्यायचं. शुक्रवारी दुपारी बॉसला पाच ओळी. या आठवड्यात काय संपलं. पुढच्यात काय संपेल. कुठे अडकलंय आणि कोणामुळे. वरून कोणी विचारण्यासारखं काय आहे आणि त्याचं उत्तर. आणि शेवटची ओळ, जी सगळ्यात कामाची: "नवीन काम घ्यायचं झाल्यास पुढची मोकळी जागा २१ तारखेपासून." ही ओळ असली की सोमवारच्या खोलीत बॉसकडे "हो, या आठवड्यात करतो" याच्याऐवजी दुसरं सन्मानाचं उत्तर असतं, "२१ पासून घेऊ शकतो, त्याआधी हवं असेल तर बिलिंग थांबवावं लागेल". त्यांनाही नाही म्हणावं लागत नाही. त्या लीडकडे हे सुरू केल्यावर पहिले दोन शुक्रवार काहीच फरक पडला नाही, तिसऱ्या वेळेला बॉसने सोमवारी सकाळी स्वतःहून फोन करून विचारलं, ती तारीख अजून तीच आहे ना. म्हणजे ते वापरत होते. त्यानंतर मंगळवारचे बदल बंद झाले नाहीत, पण आले ते बहुतेक तारीख घेऊनच आले.

दुसरी बाजू टीमच्या आत. बदल होणारच आहेत हे धरून काम असं तोडायचं की थांबवलं तरी नुकसान कमी. १२ दिवसांचं बिलिंगचं काम एकच लांब तुकडा असेल तर सातव्या दिवशी थांबवल्यावर हातात काहीच नाही. तेच तीन-चार दिवसांच्या तुकड्यांत केलं, आधी एका प्रकारची बिलं पूर्ण नवीन सिस्टीमवर, मग दुसऱ्या, तर मध्येच थांबवलं तरी दोन प्रकार चालू झालेले असतात. तुकडा म्हणजे कोणीतरी वापरू शकेल असं काहीतरी. "अभ्यास करणे", "डिझाइन करणे" हे तुकडे नाहीत. आणि चालू तुकडा संपेपर्यंत नवीन घ्यायचं नाही एवढी एक सवलत बॉसकडून मागा, "गुरुवारी हा तुकडा संपतो, तेव्हा वळतो". दोन दिवस थांबायला बहुतेक बॉस तयार असतात, दोन आठवडे थांबायला नसतात.

थांबवावंच लागलं तर थांबवतानाच अर्धा तास देऊन लिहून ठेवा, कुठपर्यंत आलं, पुढची नेमकी पायरी काय, फाइल कुठे, कोणाच्या परवानगीची वाट होती. महिन्याने परत उघडलं की हा अर्धा तास दीड-दोन दिवस वाचवतो. आणि परवानग्या शिळ्या होतात हे विसरू नका, ज्याने हो म्हटलं होतं तो माणूस बदललेला असतो, डेटा जुना झालेला असतो, म्हणून परत सुरू करताना उरलेल्या दिवसांत थोडी भर घालूनच पानावर लिहा.

बॉस तुम्हाला वगळून थेट टीममधल्या कोणाला तरी काम सांगतात हा प्रकार तुमच्याकडे असेलच, नसेल तर नशीबवान आहात. टीममधल्या मुलांना नाही म्हणायला लावू नका, ते त्यांच्यावर अन्याय आहे. एकच वाक्य शिकवा: "हो सर, बघतो, कधीपर्यंत होईल ते लीडशी बोलून तासाभरात सांगतो." आणि मग तुम्ही त्या तासाभरात खरंच फोन करायचा, नाहीतर पुढच्या वेळी ते मुलगा सुरूच करून टाकेल.

हे चालतंय की नाही ते कसं ओळखायचं? टीमचा मूड बघू नका, तो रोज बदलतो. पानावरचं सगळ्यात जुनं सुरू केलेलं पण न संपलेलं काम किती दिवसांचं झालं ते बघा. ते वय कमी होत असेल तर चालतंय. वाढत असेल तर कुठेतरी चोरून काम आत येतंय, बहुतेक वेळा तुम्हीच "हे छोटंसंच आहे" म्हणून घेतलेलं. दुसरी खूण म्हणजे बॉस स्वतःहून विचारतात, "हे घेतलं तर काय थांबेल?" याला वेळ लागतो, दोन महिने तरी धरा, आणि मध्ये एखादा आठवडा येरे माझ्या मागल्या होणारच, त्याचं मनावर घेऊ नका.

कुठे चालत नाही तेही सांगते. नोंदीत दिसलं की बदल खरोखरच बाहेरून येतायत, ग्राहक जातायत, नियम बदललाय, कंपनीचं नवीन उत्पादन अजून जागेवर बसायचंय, तर बॉसला स्थिर करायच्या मागे लागू नका, ते बरोबर वागतायत. तिथे तुमचं दोन आठवड्यांचं पान एका आठवड्याचं करा, मोकळे ३ दिवस ५ करा आणि मोठी कामं घेणंच कमी करा. बॉसचे वरचे दोन साहेब एकमेकांच्या विरुद्ध दिशेने ओढत असतील तर तुमचं पान ते भांडण मिटवणार नाही, पण बॉसला ते पान वर घेऊन जाता येतं, तसं त्यांना सुचवा, "हे तुम्हाला दोघांसमोर ठेवायला उपयोगी पडेल का?" स्वतः मात्र बॉसला डावलून थेट वर जाऊ नका. अपवाद कायद्याचा, सुरक्षिततेचा किंवा लोकांच्या पगाराचा विषय अडकला असेल तर, आणि तेव्हाही बॉसला सांगून.

आणि एक बॉस असा असतो की तो दोघांत ठरलेलं, मेसेजवर हो म्हटलेलंही नंतर सरळ नाकारतो आणि दोष खाली ढकलतो. त्याचा प्रश्न प्रायोरिटीचा नाहीच, त्यामुळे वरचं काहीच तिथे लागू होत नाही. एकदा झालं तर विसर समजा, दुसऱ्यांदा झालं तर आठवण करून द्या, नियमच होत असेल तर मी तरी त्या माणसाला सुधारत बसणार नाही, दुसरी टीम बघायला सुरुवात करेन.

तुम्ही लिहिलंय बॉस माणूस चांगला आहे, म्हणून मला वाटत नाही तुमच्याकडे तसं काही असेल. या शुक्रवारी त्या पाच ओळी पाठवून बघा, पान अजून तयार नसलं तरी चालेल, फक्त मोकळ्या जागेची तारीख खरी टाका, ती एकदा चुकली की पुढचे दोन महिने ते ती ओळ वाचणार नाहीत.